व्हिएतनामी आकडे: 'चम हाय' म्हणजे १०२ नाही, मग किती?

सायली_निघाली
नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या कामामुळे तीन महिन्यांपासून हनोईत आहे. शेजारच्या आजींनी एक ते दहा शिकवलंय: मोत, हाय, बा, बोन, नम, साउ, बै, ताम, चिन, मुओई. मी पण हुशारी मारत बाजारात आकड्यातच बोलते, आणि काल तोंडघशी पडले.

एक कुर्त्यासारखा टॉप आवडला, बाई म्हणाली "चम हाय". चम म्हणजे शंभर हे माहीत होतं, हाय म्हणजे दोन, आणि इथं हजार कुणी बोलत नाही हेही कळलं होतं, म्हणजे एक लाख दोन हजार दोंग. मी एक लाखाची नोट आणि वर दोन हजाराची नोट असं ऐटीत काढून दिलं. बाई आधी हसली, मग परत "चम हाय, चम हाय" करत राहिली, मी परत दोन हजाराची नोट दाखवतेय, मागे रांग. शेवटी तिनं कॅल्क्युलेटरवर १२०.००० दाबून दाखवलं. मला वाटलं परदेशी बघून भाव वाढवला, तर शेजारची आजी म्हणे नाही, तिनं पहिल्यापासून एकशे वीसच सांगितलं होतं!

दुसरं म्हणजे पाच हे नम ना, मग पंधराला मुओई लम का? आणि वीसमधला मुओई आजी वेगळाच म्हणतात, मी म्हटला की मान हलवतात. आणि आजींच्या नातीचं जन्मसाल २००५, ते त्यांनी इतकं लांबलचक सांगितलं की मला वाटलं फोन नंबर देतायत. कुणी नीट समजावेल का?

गोट्या_०७
सोप्पं आहे ताई. मी कंपनीकडून दोन महिने होतो तिकडे. शेवटी ५ आला की नमचा लम करायचा, बास. १५ मुओई लम, २५ हाय मुओई लम, १०५ चम लिन लम. आणि त्या बाईनं तुम्हाला फसवलंच असणार, कॅल्क्युलेटर आधी दाखवायला काय झालं होतं 😄

हनोईकर
गोट्या, पहिले दोन बरोबर, तिसरा चूक आणि बाई निर्दोष. सात वर्षं इथं आहे, हीच चूक मी घरभाड्यात केली होती, तुमची दोन हजारात भागली.

सायलीताई, आपल्या कानाला 'शंभर दोन' ऐकलं की एकशे दोन वाटतं. यांच्यात मोठ्या घरानंतर एकच सुटा आकडा आला की तो लगेच खालच्या घरात बसतो. शंभराच्या खालचं घर दहाचं, म्हणून चम हाय म्हणजे शंभर आणि दोन दहा, १२०. पूर्ण म्हणायचं तर मोत चम हाय मुओई, पण बाजारात एवढं कोण म्हणतंय. तसंच लाखांत. चिएउ म्हणजे दहा लाख, चिएउ हाय म्हणजे बारा लाख, दहा लाख दोन नव्हे. माझा घरमालक "बोन चिएउ हाय" म्हणाला, मी चाळीस लाख दोन हजार समजून खूश, निघाले बेचाळीस लाख.

मग १०२ कसं म्हणायचं? मधलं दहाचं घर रिकामं आहे हे तोंडानं सांगावं लागतं, त्यासाठी 'लिन' शब्द आहे. मोत चम लिन हाय. लिन वगळलात की दोन आपोआप वर सरकून वीस होतो. मराठीत आपण रिकामं घर कधी बोलत नाही, एकशे दोन म्हटलं की झालं, म्हणून आपल्याला लिन फालतू वाटतो आणि आपण तोच गाळतो.

आता गोट्याचं १०५. लम हा फक्त दहाच्या पाठीवर बसतो: १५, २५, ३५ ते ९५. १०५ मध्ये दहा नाहीच, लिन आहे, म्हणून मोत चम लिन नम. ५०५ म्हणजे नम चम लिन नम, आणि ५५५ म्हणजे नम चम नम मुओई लम. हे एक जिभेवर बसवा, सगळा नियम त्यात आहे.

मास्तर_निवृत्त
वा, छान धागा. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात बावीसऐवजी 'वीस दोन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, मी तेव्हा शाळेतच होतो. हे व्हिएतनामी बघा, हाय मुओई हाय, 'दोन दहा दोन', अगदी तेच. तिकडच्या पोरांना सत्त्याऐंशी आणि एकोणनव्वद पाठ करावं लागत नाही. अपवाद फक्त पाचाचा, बाकी भाषा एकदम सरळ दिसते.

हनोईकर
सर, आपल्या एकोणनव्वदपुढं सरळच आहे, पण अपवाद पाचाचा एकटाच नाही. एकाचा आहे, चाराचा आहे आणि खुद्द दहाचा आहे.

आजी मान हलवतात ते दहामुळेच. दहा एकटा किंवा अकरा ते एकोणीसमध्ये असला की स्वर खाली सोडायचा, सुस्कारा टाकल्यासारखा. वीसपासून नव्वदपर्यंत 'दोन दहा, तीन दहा' असतं तेव्हा तोच शब्द सपाट म्हणायचा, वर नाही खाली नाही. देवनागरीत दोन्ही मुओईच दिसणार, त्यामुळे वहीत लिहून पाठ केलंत तर हमखास चुकणार, आजींकडून कानानंच घ्या.

एकाचं तसंच. मोत हा एक म्हणताना स्वर खाली दाबून तोडायचा. पण २१, ३१, ४१ मध्ये तोच मोत वर चढवायचा. ११ मध्ये मात्र जुना दाबलेलाच. म्हणजे दहा सपाट झाला की पुढचा एक चढतो, दहा पडता राहिला की एक पण दाबलेलाच.

कोकणकन्या
मुओई म्हणजे मीठ ना??? आम्ही दा नांगला गेलो होतो तेव्हा मी तळलेले रोल दहा मागायला "मुओई, मुओई" करत होते आणि पोऱ्यानं मीठ-मिरीची वाटी आणून ठेवली. परत मागितलं तर दुसरी वाटी. शेवटी दोन्ही हातांची बोटं. बाय द वे तिकडे डॉलर चालतात की दोंगच करून घ्यावे लागतात, बहीण डिसेंबरात चाललीये.

हनोईकर
😂 मीठ वेगळं, दहा वेगळा. मिठाच्या मुओईत ओठ गोल करून 'उ' आणि स्वर वर चढतो. दहाच्या मुओईत ओठ गोल करायचे नाहीत, दात दाखवून 'उ' म्हणायचा प्रयत्न करा, तो आवाज, आणि स्वर खाली. तुम्ही घाईनं विचारल्यासारखा आवाज चढवला असणार, मीठच मिळणार. अजून एक मुओई आहे, तो डास. तो आणला नाही हे नशीब. बहिणीला सांगा दोंग करून घ्या, खाण्याच्या गाडीवर डॉलर काढू नका.

सैगॉनची_मावशी
हनोईकर सगळं उत्तरेचं सांगतायत, इकडे दक्षिणेत यातलं निम्मं वेगळं ऐकू येतं हो. मी हो ची मिन्ह सिटीत अकरा वर्षं. आमच्याकडे चम नाही ट्रम, हजाराला ङीन नाही ङान, आणि तो लिन तर कुणी म्हणत नाही, आम्ही म्हणतो 'लॅ'. ट्रम लॅ हाय, १०२. मला तर लॅ जास्त कळतो, कारण सुट्ट्या पैशाला पण इथं 'तिएन लॅ' म्हणतात, म्हणजे शंभर आणि वर सुटे दोन. असं डोक्यात बसलं की सायलीसारखी चूक होतच नाही.

शिवाय वीस हजाराला इथं सरळ 'हाय चुक' म्हणतात, दोन दहा म्हणा ना. फक्त खाली मेकाँगच्या बाजूला फळं घेताना जपा, तिथं काही ठिकाणी एका चुकमध्ये बारा नग मोजून देतात. मी पहिल्यांदा दोन फळं परत द्यायला गेले होते.

गोट्या_०७
मावशी डझनाला दहा म्हणतात म्हणजे आपलं नुकसान नाही ना, मग गप्प बसायचं 😄 बरं लमचं मान्य. पण का? पाच तो पाच, मध्येच लम कशाला?

हनोईकर
इथले लोक सांगतात ते कारण असं: नम म्हणजे पाच, आणि नम म्हणजे वर्ष पण. अगदी तोच उच्चार, तोच स्वर. मुओई नम म्हटलं की दहा वर्षं. हाय मुओई नम, वीस वर्षं. पंचवीसला नमच ठेवला असता तर 'तो इथं हाय मुओई नम राहिला' म्हणजे वीस वर्षं की पंचवीसचं काही, पत्ता लागला नसता. लम आला की वर्षाचा संशय मिटतो. लम त्यासाठीच जन्माला आला असं मी छातीठोक म्हणणार नाही, बोलीत असे जुने उच्चारभेद आपोआप पण टिकतात, पण आज तो काम हेच करतो.

म्हणूनच बाजारात मधला मुओई सरळ गाळता येतो. ३५ हजारला "बा लम" म्हणतात. लममुळं कळतं की मध्ये दहा गिळलाय. बा नम म्हटलात तर ती तीन वर्षं.

सायली_निघाली
अरे देवा, म्हणजे मी परवा भाजीवाल्याला "तीन वर्षं का?" विचारत होते!! तो "बा लम, बा लम" करत होता आणि मी बा नम, बा नम.

पण एक गोष्ट. माझी घरकाम करणारी ताई हाय फोंगकडची आहे, ती मला लम आणि नम दोन्ही सारखंच म्हणते असं वाटतं. माझे कान खराब की ती खरंच तसं म्हणते?

हनोईकर
कान शाबूत आहेत. त्या पट्ट्यात ल आणि न ची अदलाबदल करणारे खूप लोक आहेत, हनोईला 'हा लोई' म्हणतात आणि शहरातले लोक त्यावरून चिडवतात. तिच्याकडून लम-नम शिकू नका. २५ पासून पुढं उत्तरेत 'न्यम' असंही ऐकाल, हाय मुओई न्यम, त्यात हा गोंधळ कमी होतो. पंधराला न्यम म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही, १५ ला लमच.

मास्तर_निवृत्त
चाराचं राहिलं. आपण म्हणालात चाराचा पण अपवाद आहे.

हनोईकर
हो सर. चार म्हणजे बोन, पण एक दुसरा चार आहे, 'तु', चिनीवरून आलेला. तोच दात दाखवून म्हणायचा उ. काही जागी तुच लागतो, पर्याय नाही: बुधवार म्हणजे थु तु, चौथा वार, आणि एप्रिल म्हणजे थांग तु. थांग बोन म्हटलं तर हसतील. काही जागी बोनच: ४, १४, ४०, ४००. आणि २४, ३४, ४४ अशा जागी दोन्ही चालतात, पण हनोईत तुच जास्त कानावर पडतो, हाय मुओई तु. झटपट बोलताना ३४ ला बा तु. गंमत म्हणजे पर्शियाचं जुनं व्हिएतनामी नाव पण बा तु आहे, माझ्या इराणी सहकाऱ्याला चौतीस हजाराचं बिल आलं की आम्ही हसतो.

सैगॉनची_मावशी
इकडे मला २४ ला बोन पण भरपूर ऐकू येतं, बाजारात हाय बोन म्हणतात सर्रास. ते 'तुच बरोबर' हे हनोईवाल्यांचं जरा...

हनोईकर
मावशी मी 'जास्त कानावर पडतो' म्हटलंय, 'बरोबर' म्हटलेलं नाही 🙏

सायली_निघाली
भांडू नका हो. सालं सांगा आता. आजींच्या नातीचं २००५.

हनोईकर
आजी बहुतेक म्हणाल्या: हाय ङीन खोंग चम लिन नम. लांबलचक का, तर पुन्हा तोच रिकाम्या घराचा मामला. दोन हजार, मग शून्य शंभर, मग दहाचं घर रिकामं म्हणून लिन, मग पाच. 'खोंग चम' म्हणजे शंभराचं घर मोकळं आहे ही वर्दी. ही वर्दी न देता नुसतं "हाय ङीन नम" म्हटलं तर तुमच्या टॉपसारखाच पाच वर सरकतो, कुणाला २५०० वाटेल, आणि त्याहून आधी 'दोन हजार वर्षं' असंच ऐकू येईल. घाईत लोक खोंग चम गाळून हाय ङीन लिन नम म्हणतात, लिन मात्र राहतो.

गेल्या शतकातलं साल बोलताना सुरुवातीचं एकोणीस सोडून देतात. १९७५ म्हणजे नुसतं "नम बै लम", वर्ष पंच्याहत्तर. इथं नम आधी आला म्हणून तो साल सांगतो. आकड्यानंतर आला तर किती वर्षं ते सांगतो. महिन्याचं पण तसंच, थांग नम म्हणजे मे, आणि नम थांग म्हणजे पाच महिने.

आता मजा बघा. दिएन बिएन फूचा फ्रेंच तळ पडला ७ मे १९५४ ला. घाईत ही तारीख अशी म्हणतात: ङै बै थांग नम नम नम तु. तीन नम ओळीनं. पहिला मे महिन्याचा पाच, दुसरा 'वर्ष', तिसरा पन्नासचा पाच, आणि शेवटी चाराचा तु. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं माणूस अडखळतोय. तोडून ऐका, थांग नम, नम, नम तु.

गोट्या_०७
म्हणजे १९५५ = नम नम लम? वर्ष पाच पाच?

हनोईकर
शाब्बास. आणि शेवटचा लम आहे हे विसरला नाहीस, सुधारलास.

सैगॉनची_मावशी
आमच्या इथं एक मोठा रस्ताच आहे, बा थांग हाय, ३ फेब्रुवारी. १९३० साली त्या दिवशी इथला कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला म्हणून. मी नवीन असताना टॅक्सीवाल्याला "हाय थांग बा" सांगितलं, दोन मार्च, तो म्हणे असा रस्ताच नाही. महिना मागून येतो हे त्या दिवशी पक्कं झालं.

सायली_निघाली
आता मी गृहपाठ टाकते, तपासा.
३५.००० — बा लम
१२०.००० — चम हाय
१०२.००० — चम लिन हाय
११०.००० — चम मुओई
२१५.००० — हाय चम मुओई नम
इथं हजाराला टिंब देतात त्याची सवय होता होत नाही, ३५.००० बघितलं की मला अजून पस्तीस पॉइंट शून्य वाटतं.

हनोईकर
चार बरोबर. पाचवं म्हणजे दोनशे दहा वर्षं 😄 मुओई लम हवं.
चम मुओई बरोबरच, पण बाजारात ११० ला "चम मोत" पण ऐकाल, मोत चढवून. घाबरू नका, १०१ नव्हे. चढलेला मोत ऐकला की समजायचं एक दहाच्या घरात आहे, चिएउ मोत म्हणजे अकरा लाख. चार असला की तु, चम तु १४०. तुम्हाला आधी शिकायला अवघड गेलेले हेच बदललेले आकडे इथं उपयोगी पडतात.

टिंब हजाराचं आणि दशांशाला स्वल्पविराम. मेनूवर हजार पुसून नुसतं ३५ आणि पुढं के लिहिलेलं असतं. आणि नोटा देताना वीस हजार आणि पाच लाख दोन्ही निळ्या आहेत, रात्री खास बघून द्या, तिथं आकडा तोंडानं बरोबर म्हणून उपयोग नाही.

मास्तर_निवृत्त
दीड, अडीच आहेत का त्यांच्याकडे? इंग्रजीला नाही ते, म्हणून विचारतो.

हनोईकर
आहेत की सर! 'झुओई' म्हणजे अर्धा, पण मागच्या घराचा अर्धा. चम झुओई म्हणजे शंभर आणि शंभराचा अर्धा, दीडशे. हाय चम झुओई अडीचशे, बा चम झुओई साडेतीनशे. चिएउ झुओई पंधरा लाख. मराठी माणसाला हे इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीतून शिकणं सोपं. सव्वा आणि पावणे मात्र असे एका शब्दात नाहीत. झुओईचा स्वर शंभर-हजारानंतर वेगळा हवा असं जुनी शिकलेली मंडळी म्हणतात, बाजारात कुणी पाळत नाही, माझे सासरे (इथलेच) आणि बायको यावर अजून वाद घालतात.

सैगॉनची_मावशी
आमच्याकडे रुओई. पण बाकी तेच.

कोकणकन्या
बहिणीसाठी हे सगळं प्रिंट काढते. मिठाचं वर लिहिते मोठ्या अक्षरात.

सायली_निघाली
अपडेट. आज सकाळी त्याच बाईकडे गेले, मुद्दाम. मुलीसाठी एक ड्रेस घेतला. "चम झुओई" म्हणाली. मी दीडशे, दीडशे असं मनात म्हणत एक लाखाची आणि पन्नास हजाराची नोट दिली, कॅल्क्युलेटरला हात लागला नाही. मग तिनं विचारलं नवीन टॉप कुठला, बहुतेक, आणि मी "चम हाय" म्हणून परवाचा दाखवला, तर मागच्या दुकानातल्या बाईला पण हसू आलं. सगळा बाजार ओळखतो आता मला.

मुओई सपाट आला का विचारलं आजींना, म्हणे वीसचा आला, तीसचा परत पडला. तेवढं जमेना. हनोईकर, वीसला वेगळा शब्द 'हम' असं काही त्या म्हणत होत्या, हम मोत, हम हाय, ते काय आणि?

हनोईकर
हाय मुओई घाईत आक्रसून हम होतो. २१ ते २९ ला. त्यात मुओईचा स्वर चुकायची भीतीच नाही, तुम्ही तोच वापरा. पण एकट्या वीसला नाही हं.

गोट्या_०७
म्हणजे २५ = हम लम. आणि तीसला?

सैगॉनची_मावशी
तीसचं उत्तरेकडे काहीतरी आहे म्हणतात, मी इकडे नाही ऐकलं. हनोईकर सांगतील, ते सध्या सासऱ्यांकडे झुओईवर भांडत असतील.